अर्ध्यावरची रेघ: हरामी, पिअर्सिंग लाइन आणि डार्क क्लाउड कव्हर

कॅण्डलच्या पुस्तकांत दोन दिवसांच्या रचनांबद्दल एक नियम हटकून सापडतो: दुसऱ्या दिवसाच्या कॅण्डलने पहिल्या दिवसाच्या बॉडीचा निम्म्याहून अधिक भाग झाकला पाहिजे. पिअर्सिंग लाइनला आणि डार्क क्लाउड कव्हरला हा नियम लावतात. हरामीत प्रश्न उलटा होतो. तिथे दुसरी बॉडी पहिलीच्या पोटात पूर्ण मावली पाहिजे. नियम पाठ करायला सोपा आहे, पण निम्माच का आणि तिन्ही रचनांना तो सारख्याच कडकपणे लावायचा का, हे फारसे कोणी सांगत नाही. माझ्या मते किती झाकले हा दुसरा प्रश्न आहे. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला कुठे, हा पहिला. पहिल्याचे उत्तर हातात नसेल तर दुसऱ्याच्या उत्तराला काही अर्थ उरत नाही.

नावांतून कळणारे

या रचना जपानी व्यापाऱ्यांच्या परंपरेतून आल्या. ओसाकाच्या दोजिमा बाजारात तांदळाच्या वायद्यांना 1730 मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. कॅण्डल चार्टचे मूळ त्याच व्यापारात शोधतात, मात्र चार्टचे आजचे रूप बरेच नंतरचे असावे असे मानले जाते. इंग्रजी वाचकांपर्यंत ही विद्या मुख्यतः स्टीव्ह निसन यांच्या 1991 सालच्या पुस्तकातून पोचली आणि आपल्याकडे आलेले नियम बहुतांशी त्याच वाटेने आले.

इंग्रजी नावांपेक्षा जपानी नावे जास्त नेमकी आहेत. हरामी म्हणजे गर्भवती. मराठी कानाला हा शब्द वेगळाच ऐकू येतो, पण इथे अर्थ आहे मोठ्या बॉडीच्या पोटातली छोटी बॉडी. डार्क क्लाउड कव्हरला जपानीत कबुसे म्हणतात, म्हणजे वरून झाकणे, पांघरूण घालणे. पिअर्सिंग लाइनला किरिकोमी, म्हणजे कापत आत शिरणे.

या शब्दांत हालचालीची दिशाही आहे. वरून झाकायचे तर आधी वर असावे लागते. कापत आत शिरायचे तर आधी बाहेर असावे लागते. गर्भ मात्र सुरुवातीपासून आतच असतो. तिन्ही रचनांतला सगळ्यात महत्त्वाचा फरक इथे आहे, आणि तो दुसऱ्या दिवसाच्या ओपनवरून ठरतो, क्लोजवरून नाही.

एकाच लाल कॅण्डलनंतरच्या पाच शक्यता

एक काल्पनिक शेअर घेऊ. बरेच दिवस तो पडतो आहे. आज तो 520 ला उघडला, 524 चा उच्चांक आणि 496 चा नीचांक करून 500 ला बंद झाला. म्हणजे लाल बॉडी 20 रुपयांची आणि तिचा मध्य 510 वर. दुसऱ्या दिवशी तो 490 ला उघडला, म्हणजे कालच्या नीचांकाच्याही खाली. मंदीवाल्यांना हवे तेच झाले. त्यानंतर भाव दिवसभर चढत गेला आणि 490 च्या खाली पुन्हा आलाच नाही असे समजू.

आता क्लोज कुठे झाला यावर सगळे अवलंबून आहे. 496 च्या आसपास, म्हणजे कालच्या नीचांकाजवळ बंद झाला तर ती ऑन-नेक. 501 ला, म्हणजे बॉडीत जेमतेम पाऊल टाकून थांबला तर इन-नेक. 508 ला बंद झाला, म्हणजे आत बऱ्यापैकी शिरला पण मध्याच्या खाली राहिला, तर थ्रस्टिंग. 512 ला बंद झाला तर पिअर्सिंग लाइन. आणि 520 च्या वर गेला तर त्याने कालची बॉडी पूर्ण गिळली, ती बुलिश एन्गल्फिंग.

या पाचांपैकी पहिल्या तीन रचना परंपरेने मंदी चालू राहण्याच्या मानल्या जातात आणि शेवटच्या दोन तेजीकडे वळण्याच्या. 508 आणि 512 यांत फरक चार रुपयांचा आहे, पण पुस्तकांप्रमाणे त्यांचा अर्थ परस्परविरुद्ध आहे. म्हणून पिअर्सिंग लाइनच्या बाबतीत अर्ध्यावरची रेघ एवढी कडक. ती चांगली खूण आणि कमजोर खूण यांच्यामध्ये आखलेली नाही. तेजीची खूण आणि मंदीची खूण यांच्यामधली ती हद्द आहे.

झाकलेला भाग मोजायला एकच सूत्र पुरते. O1 आणि C1 हे पहिल्या दिवसाचे ओपन व क्लोज, C2 हा दुसऱ्या दिवसाचा क्लोज:

```
(C2 - C1) / (O1 - C1)
```

512 साठी 12 भागिले 20, म्हणजे 60 टक्के. 508 साठी 40 टक्के. पहिली कॅण्डल हिरवी असली तरी वरची आणि खालची वजाबाकी दोन्ही उणे होतात, त्यामुळे डार्क क्लाउडलाही हेच सूत्र चालते. शॅडो या हिशेबात धरायच्या नाहीत. फक्त बॉडी मोजायची.

डार्क क्लाउडला सवलत का?

आता वरच्या टोकाला जाऊ. चढत्या बाजारात शेअर 300 ला उघडून 330 ला बंद झाला, उच्चांक 332. दुसऱ्या दिवशी 335 ला उघडला आणि पडत 312 ला बंद झाला. 30 रुपयांच्या बॉडीतले 18 रुपये झाकले गेले, म्हणजे 60 टक्के. हे पुस्तकी डार्क क्लाउड कव्हर. तोच क्लोज 318 ला झाला असता तर 40 टक्केच झाकले गेले असते.

आरशातले चित्र म्हणून पाहिले तर 318 चा क्लोज तेजी चालू राहण्याची खूण ठरायला हवा होता. तसे मात्र कोणी म्हणत नाही. निसन यांची मांडणी अशी की डार्क क्लाउड जितका खोल जाईल तितकी शिखराची शक्यता अधिक. काही जपानी विश्लेषक निम्म्याहून जास्तीचा आग्रह धरतात. तेवढे झाकले गेले नसेल तर लगेच निष्कर्ष काढू नये, पुढच्या दिवसाची पुष्टी पाहावी. पिअर्सिंगच्या बाबतीत मात्र निसन निम्म्यावर ठाम आहेत.

कारण मागच्या भागातल्या यादीतच आहे. घसरणीच्या तळाशी ऑन-नेक, इन-नेक आणि थ्रस्टिंग असे तीन शेजारी उभे आहेत आणि पिअर्सिंगला त्यांच्यापासून वेगळे काढावे लागते. वरच्या टोकाला डार्क क्लाउडच्या शेजारी अशी मंडळी परंपरेने उभी केलेली नाहीत. त्यामुळे 40 टक्के झाकणारी कॅण्डल तिथे कमकुवत डार्क क्लाउड ठरते, उलट अर्थाची रचना ठरत नाही.

हा फरक संगणकाच्या कोडमध्येही उतरला आहे. अनेक चार्टिंग प्रणाली ज्या TA-Lib वर उभ्या आहेत, त्यात `CDLDARKCLOUDCOVER` या फंक्शनला `penetration` नावाचा आकडा देता येतो. तो मुळात 0.5 असतो, पण वापरणाऱ्याला 0.4 किंवा 0.6 करता येतो. `CDLPIERCING` मध्ये मात्र ही सोय नाही. तिथे निम्मा कोडमध्येच पक्का बसवलेला आहे. ज्यांना आपला स्कॅनर एका बाजूला ढिला आणि दुसऱ्या बाजूला ताठ का वागतो हे कळत नाही, त्यांनी हा तपशील लक्षात ठेवावा.

निम्माच का?

या प्रश्नाचे उत्तर मला दोन कॅण्डल एकत्र करून पाहण्यात मिळाले. पहिल्या दिवसाचे ओपन, दुसऱ्या दिवसाचे क्लोज आणि दोन दिवसांतले उच्चांक-नीचांक घेतले की दोन दिवसांची मिळून एकच कॅण्डल तयार होते. आपल्या उदाहरणात 520 ला उघडलेली, 490 पर्यंत गेलेली आणि 512 ला बंद झालेली. बॉडी 8 रुपयांची आणि तिच्याखाली 22 रुपयांची शॅडो. हा सरळसरळ हॅमर आहे: छोटी बॉडी वर आणि तिच्या दुप्पटीहून लांब शॅडो खाली.

क्लोज 508 ला झाला तर बॉडी 12 ची आणि शॅडो 18 ची, म्हणजे दीडपट. हॅमरसाठी शॅडो बॉडीच्या निदान दुप्पट असावी असा सर्वमान्य संकेत आहे. तो इथे पाळला जात नाही. 504 ला तर बॉडी 16 आणि शॅडो 14, म्हणजे शेपटी असलेली एक साधी लाल कॅण्डल. बरोबर 510 ला, म्हणजे अर्ध्यावर, बॉडी 10 आणि शॅडो 20. नेमकी दुप्पट. अर्ध्याची रेघ इथे हॅमरच्या व्याख्येशी जुळते.

ती जुळली कारण आपल्या शेअरने 10 रुपयांची, म्हणजे बॉडीच्या निम्म्याइतकी गॅप खाली दिली होती. गॅप बदलली की रेघही सरकते. शेअर 495 ला उघडला असता तर हॅमर होण्यासाठी सुमारे 58 टक्के झाकावे लागले असते. गॅपच नसती, तो 500 लाच उघडला असता आणि पहिल्या दिवसाचा नीचांकही 500 च असता, तर 67 टक्के. यातून एक कामाचा निष्कर्ष निघतो. निम्मा हा स्वयंभू आकडा नाही. गॅप भरभक्कम असेल तर निम्मा पुरतो. गॅप किरकोळ असेल तर निम्म्यावर समाधान मानू नये, दोन तृतीयांशाच्या जवळ काही दिसते का ते पाहावे.

डार्क क्लाउडला हाच हिशेब उलटा करून लागू होतो. तिथे एकत्रित कॅण्डल शूटिंग स्टार होते. वरच्या उदाहरणात 300 चे ओपन, 335 चा उच्चांक आणि 312 चा क्लोज: बॉडी 12, वरची शॅडो 23. दुप्पटीला किंचित कमी. 60 टक्के झाकूनही ती थोडी कमी पडली, कारण गॅप फक्त 5 रुपयांची होती.

हरामी: झाकणे नव्हे, मावणे

हरामीत दुसरी कॅण्डल बाहेरून आत येत नाही. ती आतच उघडते आणि आतच बंद होते. आपला 520 ते 500 चा लाल शेअर दुसऱ्या दिवशी 504 ला उघडून 508 ला बंद झाला तर ती बुलिश हरामी. शॅडो बाहेर डोकावल्या तरी चालतात, बॉडी आत असली की झाले. दुसरी कॅण्डल डोजी असेल, म्हणजे ओपन आणि क्लोज जवळपास एकच असतील, तर तिला हरामी क्रॉस म्हणतात आणि ती अधिक वजनदार मानली जाते.

इथे दोन कसोट्या आहेत आणि त्यांची गल्लत होते. एक मावण्याची, दुसरी लहान असण्याची. 501 ला उघडून 519 ला बंद झालेली हिरवी कॅण्डलही 520 ते 500 मध्ये मावते, पण 18 रुपयांची ती बॉडी कोणत्याही अर्थाने गर्भ नाही. ती तेजीवाल्यांची भरघोस खरेदी आहे. हरामीचा सूर थकव्याचा असतो. काल 20 रुपये पाडणाऱ्यांना आज काही जमले नाही, एवढेच ती सांगते. दुसरी बॉडी मोठी झाली की तो सूर उरत नाही. TA-Lib मागच्या 10 कॅण्डलच्या बॉडींची सरासरी काढते. पहिली बॉडी त्याहून मोठी आणि दुसरी त्याहून लहान असावी अशी तिची अट आहे. ही किमान कसोटी झाली. हाताने चार्ट पाहणाऱ्याने दुसरी बॉडी पहिलीच्या पाव भागाच्या आसपास आहे का पाहिले तरी पुरेल.

दुसऱ्या बॉडीचा रंग विरुद्ध असावा का, यावर पुस्तकांत एकमत नाही. निसन रंगावर अडत नाहीत. लाल बॉडीच्या आत दुसरी लाल बॉडी आली तर काही लेखक तिला होमिंग पिजन असे वेगळे नाव देतात. मला यात रंगापेक्षा जागा महत्त्वाची वाटते. छोटी बॉडी लाल बॉडीच्या वरच्या अर्ध्यात बसली असेल तर भाव बराच सावरलेला आहे. तळाशी चिकटून बसली असेल तर तो नुसता विसावाही असू शकतो. वर वापरलेली एकत्रीकरणाची युक्ती हरामीला लावली तर हे स्पष्ट दिसते. 520 ते 508 ची एकत्रित कॅण्डल हॅमर होत नाही, लालच राहते. म्हणून हरामी एकटी कौल देत नाही. पुढच्या दिवसाची वाट पाहावी लागते.

गॅप नसलेल्या बाजारात काय होते

आता या आढाव्यातला सगळ्यात अडचणीचा मुद्दा. चलनबाजार सोमवार ते शुक्रवार अखंड चालतो, क्रिप्टो तर कायमच. तिथे आजचे ओपन म्हणजे जवळपास कालचे क्लोज. दिवसभर चालणाऱ्या शेअरच्या पाच किंवा पंधरा मिनिटांच्या चार्टवरही तेच असते. आता 520 ते 500 च्या लाल कॅण्डलनंतर 500 ला उघडून 508 ला बंद झालेली हिरवी कॅण्डल घ्या. तिची दोन्ही टोके पहिलीच्या आत आहेत, म्हणून ती बुलिश हरामी. तिने बॉडीचा 40 टक्केच भाग झाकला, म्हणून ती थ्रस्टिंग, म्हणजे मंदी चालू राहण्याची खूण. एकाच कॅण्डलला दोन नावे आणि दोन विरुद्ध अर्थ.

अशा वेळी दोन स्कॅनर दोन वेगळे निकाल देतात आणि दोघेही आपापल्या व्याख्येप्रमाणे बरोबर असतात. TA-Lib ने हरामीसाठी तडजोड केली आहे. एक टोक पहिल्या बॉडीच्या टोकाशी जुळले तर नवीन आवृत्तीत 100 ऐवजी 80 असा निकाल येतो. पिअर्सिंगसाठी मात्र ओपन कालच्या नीचांकाखाली असायलाच हवा, म्हणून अखंड बाजारात ते फंक्शन जवळपास गप्पच बसते.

माझा निष्कर्ष असा की झाकण्याचे माप बाहेरून आत येणाऱ्या कॅण्डलसाठीच आहे. आतच उघडलेल्या कॅण्डलला ते लावू नये. गॅप नसेल तर पिअर्सिंग आणि डार्क क्लाउड ही नावेच वापरू नयेत. कॅण्डल किती लहान आहे आणि मध्याच्या कोणत्या बाजूला बंद झाली, एवढेच पाहावे.

आपल्या बाजारातला क्लोज नेमका कोणता?

मुंबईच्या बाजारांत गॅप येतात, त्यामुळे ही अडचण दैनिक चार्टवर नाही. सकाळी 9 ते 9.15 च्या प्री-ओपन सत्रात ऑर्डर गोळा होतात, त्यातून एक भाव ठरतो आणि तोच ओपन होतो. रात्रीतली बातमी त्या भावात बसते. दुसऱ्या टोकाला मात्र एक खाच आहे. राष्ट्रीय शेअर बाजारात क्लोज म्हणजे शेवटचा सौदा नव्हे, अशी पद्धत चालत आली आहे. शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची उलाढालीनुसार काढलेली सरासरी हा अधिकृत क्लोज. काही चार्ट हा अधिकृत आकडा दाखवतात, काही शेवटच्या सौद्याचा भाव.

आपल्या शेअरने शेवटच्या अर्ध्या तासात 506 वरून 511 पर्यंत धाव घेतली असे समजू. शेवटच्या सौद्याप्रमाणे 55 टक्के झाकले गेले, म्हणजे पिअर्सिंग. सरासरी 508.50 आली तर 42.5 टक्के, म्हणजे थ्रस्टिंग. एकच दिवस, एकच शेअर, दोन चार्ट आणि दोन नावे. क्लोज अर्ध्याच्या रेघेच्या रुपया-दोन रुपयांच्या आत असेल तर आपला चार्ट कोणता आकडा घेतो हे आधी तपासावे. नाहीतर त्या दिवसाला नाव देण्याचे टाळावे.

दुसरी खाच कृत्रिम गॅपची. बोनस, विभाजन किंवा मोठ्या लाभांशाच्या दिवशी भाव खाली उघडतो तो मंदीमुळे नव्हे. त्या दिवशीचा किरिकोमी खरा नसतो. जुने भाव समायोजित केलेले नसतील तर चार्टवर तो खराच वाटेल.

जास्त झाकले म्हणजे जास्त चांगले?

पुस्तके म्हणतात हो. व्यापाऱ्याचा हिशेब थोडा वेगळा आहे. पिअर्सिंगचा नीचांक 490, तिथे स्टॉप-लॉस. 510 ला खरेदी केली तर जोखीम 20 रुपये, 518 ला केली तर 28. पुढचा अडथळा 540 वर असेल तर पहिल्या सौद्यात 20 च्या जोखमीवर 30 ची आशा, दुसऱ्यात 28 च्या जोखमीवर 22 ची. 90 टक्के झाकणारी कॅण्डल खूण म्हणून भक्कम, पण भक्कमपणाची किंमत आधीच भावात गेलेली असते. अशा वेळी भाव मध्याकडे परत येण्याची वाट पाहणे शहाणपणाचे.

खूण म्हणूनही तिच्यावर किती भार टाकावा याला मर्यादा आहेत. थॉमस बुल्कोव्स्की यांनी 2008 च्या आपल्या कोशात हजारो उदाहरणे मोजली. त्यात पिअर्सिंग आणि डार्क क्लाउड बऱ्यापैकी टिकले, हरामी मात्र नाणेफेकीच्या जवळ राहिली. मार्शल, यंग आणि रोझ यांनी 2006 मध्ये डाऊ जोन्समधल्या शेअरवर कॅण्डलच्या खुणांची चाचणी घेतली, तेव्हा त्यांना नफ्याचा पुरावा सापडला नाही. हे दोन निकाल सोबत ठेवूनच निम्म्याचा नियम वापरावा. लांब घसरणीनंतर, आधाराच्या पातळीवर, सरासरीहून मोठ्या लाल बॉडीला खरी गॅप देऊन कापणारी कॅण्डल आली, तर तिचे 55 टक्के माझ्या लेखी आडव्या बाजारातल्या 80 टक्क्यांपेक्षा जास्त मोलाचे आहेत.

म्हणून चार्टसमोर बसल्यावर मी आधी ओपनवर बोट ठेवतो. तो बॉडीच्या बाहेर असेल तरच फूटपट्टी काढतो. आत असेल तर फूटपट्टी बाजूला ठेवून ती बॉडी किती लहान आहे आणि कुठे बसली आहे एवढे पाहतो, आणि पुढच्या दिवशीच्या क्लोजची वाट बघतो.